उचलू लागायला

बसस्थानकासमोर रिक्षा अडकली, नाहीतर दिपालीला ते दिसलंच नसतं. पुढे एसटी आडवी वळत होती, मागून हॉर्न, रिक्षावाला मान बाहेर काढून कुणाला तरी आईवरून बोलत होता, आणि डाव्या हाताला दोन खांबांमध्ये ताणलेला नवा फ्लेक्स उन्हात चमकत होता. तालुक्यातले पुढारी भगवानराव यांचा चेहरा, हात जोडलेले, कपाळावर ठसठशीत गंध. नवरात्रातल्या महिला मेळाव्याचा फ्लेक्स, मेळावा होऊन गेला तरी उतरवलेला नव्हता. चेहऱ्याखाली गुलाबी अक्षरांत लिहिलं होतं, 'ओझं आपलंच असतं, हसत पेलत राहा!' तिनं ते वाचलं, नजर काढली, आणि मग परत वर बघून पुन्हा वाचलं. हे वाक्य तिच्या ओळखीचं होतं. कपडे बदलून, केस कापून समोर उभं राहिलेलं, पण ओळखीचं. "चला मॅडम, उतरा इथंच, गाडी सुटंल तुमची," रिक्षावाला म्हणाला. ती उतरली. पैसे दिले की नाही हे तिला पुढं आठवेना. दिले असावेत, कारण तो काही न बोलता निघून गेला.

शिरूर कासारच्या गाडीत खिडकीजवळ जागा मिळाली. दिपाली बीडच्या एका संस्थेत नोकरीला होती. संस्था तालुक्यातालुक्यातल्या बायकांच्या बचत गटांना बांधून ठेवायचं काम करी, आणि त्या कामातला एक लहानसा तुकडा दिपालीकडे होता: दर महिन्याच्या बैठकीसाठी चार प्रेरणेच्या ओळी लिहायच्या. त्या फोनवरून गावोगावच्या सख्यांकडे जात. सखी म्हणजे गावातलीच थोडी शिकलेली बाई, गटाला वळण लावणारी. बायका गोल करून बसल्या, प्रार्थना झाली, हजेरी झाली, की सखीनं त्या ओळी वाचायच्या; मग मागच्या बैठकीचं इतिवृत्त, मग बचत, परतफेड, कर्जाच्या मागण्या. म्हणजे पैसे मध्ये येण्याआधी एक क्षण मोकळा असे, आणि तो दिपालीचा होता. आधीच्या माणसानं लिहिलेल्या ओळी तिनं वाचल्या होत्या. 'उठा भगिनींनो, जाग्या व्हा!' ज्या बायका कोंबड्याच्याही आधी उठतात त्यांना जागं व्हायला सांगणारा हा कोण? 'काटकसरीची सवय लावून घ्या!' ज्या घरात चहाची पूड दोनदा उकळतात तिथं? तिला लाज वाटली होती, आणि लाजेतून तिनं स्वतःपुरते काही नियम केले. बाईला हुकूम द्यायचा नाही. हसा म्हणायचं नाही. जे तिच्या हातात नाही ते तुझ्याच हातात आहे असं सांगायचं नाही. तिनं जे केलंय तेच तिला परत दाखवायचं, बस. 'वत्सलाबाई तापानं पडल्या तेव्हा त्यांना कुणी बोलावलं नाही. गटच त्यांच्या ओट्यावर जाऊन बसला.' 'हप्ता चुकलेल्या बाईची जागा गोलात तशीच असते.' अशा ओळी ती लिही. सख्या सांगत, बायका ऐकतात, माना हलवतात, एखादी डोळे पुसते. दिपालीला बरं वाटे. फार बरं वाटे.

हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. गेवराईला बापाच्या घरी स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करताना ती एकामागून एक नापास होत गेली होती, आणि प्रत्येक निकालाला माणसं वाक्यं घेऊन आली होती. प्रयत्न सोडू नकोस. अपयश ही पहिली पायरी. आत्या म्हणाली होती, देव परीक्षा बघतो गं. त्या वाक्यांना एक चव असते, तोंडात खडू धरल्यासारखी. ती म्हणणाऱ्याला हलकं करतात आणि ऐकणाऱ्याच्या हातात आणखी एक वस्तू देतात, सांभाळायला. लग्नही झालं ते आदिनाथशी. बीडला त्याचा कोचिंग क्लास होता आणि क्लासच्या चारी भिंतींवर तसलीच वाक्यं लाल अक्षरांत रंगवलेली. एकदा ती त्याला म्हणाली होती, "पोरांना हे वाचून काय होतं?" तो म्हणाला, "काही होत नाही. आईबापांना बरं वाटतं, फी भरतात." तो खोटं बोलत नसे, एवढं एक होतं. ती मनात म्हणाली होती, मी तरी तसं करणार नाही. आणि आता गाडी डोंगराकडे वळली, खिडकीतून वाळलेल्या तुरीचा, डिझेलचा वास आला, आणि गुलाबी अक्षरं काही डोळ्यांसमोरून हलेनात.

ते वाक्य छबुबाईचं होतं. वैशाखातल्या बैठकीत बोललेलं. समाजमंदिराच्या पत्र्याखाली बायका पदरानं वारा घेत होत्या, ऊस तोडायला गेलेली बिऱ्हाडं नुकतीच परतली होती. छबुबाई पन्नाशीची, हातांवर उसाच्या पात्यांचे पांढरे ओरखडे, आवाज कायम बसलेला. ती, तिचा नवरा धोंडीराम, मुलगा आणि सून सायली, असे दोन कोयते दरवर्षी कारखान्याला जात; कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, मुकादमाच्या तोंडी माणसाला नाव नसतं. त्या हंगामात सायलीला दिवस होते. ओझी उचलून अंगावरून जायला लागलं तेव्हा छबुबाईनं फडातून गटाच्या अध्यक्षांना, वत्सलाबाईंना, फोन केला. दवाखान्यासाठी गटातून कर्ज द्या. वत्सलाबाई म्हणाल्या, बैठकीत ठराव झाल्याशिवाय कर्ज देता येत नाही, आणि बैठकीला बायाच नाहीत, निम्म्याहून जास्त तर तुमच्यासारख्या तिकडंच. ते खरंच होतं. नियम तसाच होता. सायलीनं आणखी काही दिवस मोळ्या वाहिल्या आणि मग वाहण्यासारखं पोटात काही राहिलं नाही. वैशाखातल्या बैठकीत छबुबाईनं हे रडत सांगितलं नव्हतं. उन्हाळ्याबद्दल बोलावं तसं सांगितलं होतं. शेवटी म्हणाली होती, "मोळी आपल्यालाच न्यायची असती, ते म्हाईत हाय मला. एकदा डोक्यावर आली की बाई चालती. ट्रकाला फळी लावलेली असती, तिच्यावरूनबी चालती. पन उचलू लागायला कुनीतरी लागतं का न्हाई? आमाला कुनी न्हवतं. तुमी न्हवता."

दिपाली त्या बैठकीला होती. अंगावर काटा आला होता तिच्या. आणि काटा खरा होता, हे ती आताही शपथेवर सांगेल. पण त्या काट्याच्या मागोमाग, अगदी त्याला चिकटून, दुसरं काहीतरी आलं होतं. हे घ्यायला पाहिजे. असं वाक्य आपल्याला सात जन्मात सुचणार नाही. पुढच्या महिन्याच्या ओळींत तिनं लिहिलं, 'मोळी आपल्यालाच न्यायची असते. उचलू लागायला मात्र कुणीतरी लागतं. गट म्हणजे उचलू लागणारे हात.' शेवटचे दोन शब्दसमूह, आमाला कुनी न्हवतं, तुमी न्हवता, ते गेले. का गेले? प्रेरणेची ओळ छोटी असावी लागते. तक्रारीवर संपू नये. हे ती स्वतःला तेव्हा म्हणाली होती का, की आता म्हणत होती? गट उचलू लागला नव्हता, आणि त्यालाच तिनं उचलू लागणारे हात लावून दिले होते. मग प्रविणसरांनी, ऑफिसातल्या वरिष्ठांनी, मोळी शहरातल्या लोकांना कळत नाही म्हणून 'ओझं' केलं, आणि मेळाव्याच्या आधी भगवानरावांचा पप्पू नावाचा कुणी कार्यकर्ता ऑफिसात येऊन बायकांसाठी चार चांगल्या ओळी मागून गेला, तेव्हा उरलेसुरले हातही गेले. हसणं वर आलं. गाडी थांब्यावर थांबली. कंडक्टर म्हणाला, "ताई, उतरायचं न्हाई का?"

बैठक भरली होती. हंगामाला निघण्याआधीची शेवटची. मुकादमांचे ट्रक दिवाळी संपायची वाट बघत होते. गोलात छबुबाई होती, तिच्या शेजारी सायली, पदर पोटावरून ओढून घेतलेला. दिपालीनं तिच्याकडे पाहिलं आणि तिला न सांगता कळलं, पुन्हा दिवस गेलेत. प्रार्थना झाली. हजेरी झाली. मग सखीनं, मंजुषानं, फोन वर धरला. ती चटपटीत पोरगी, तिला वाटलं ताई आल्यात तर काहीतरी ताजं वाचावं. मेळाव्याचं चित्र सगळ्या फोनांवर फिरत होतं. "या महिन्याची प्रेरणा," तिनं खणखणीत वाचलं, "ओझं आपलंच असतं, हसत पेलत राहा."

एकदोघींनी सवयीनं टाळ्या वाजवल्या. छबुबाई म्हणाली, "कुनी लिवलं हे?"

"भगवानरावांचं हाय. वर फोटू हाय बघा," मंजुषा म्हणाली.

"त्यांनी कवा पेललं?" छबुबाईनं विचारलं, आणि बायका खुदकन हसल्या. ती हसली नाही.

दिपालीला गप्प बसता आलं असतं. कुणालाही काही कळलं नसतं. पण तोंडातली खडूची चव इतकी वाढली की ती बोलून गेली, "मावशी, ते तुमचं वाक्य आहे. वैशाखात तुम्ही बोललात ते. मी लिहून घेतलं होतं, पुढं त्यात बदल होत गेले."

छबुबाई तिच्याकडे बघत राहिली. रागानं नव्हे. हरवलेली शेळी दुसऱ्याच्या दावणीला दिसावी आणि आपलीच की नाही हे ठरेना, तसं. "मी असं न्हाई बोलले," ती म्हणाली. "मी म्हनले, आमाला कुनी न्हवतं. ते कुटं गेलं?"

"ते... वाक्य मोठं होत होतं."

"हां," छबुबाई म्हणाली. एवढंच. मग वळून अध्यक्षांना म्हणाली, "वत्सलाबाई, प्रेरना झाली. आता माझं एक लिवून घ्या. हंगामात कुनाला दवाखाना लागला तर बैठकीची वाट बघायची न्हाई. फोनवरून निम्म्याच्या वर बायांनी व्हय म्हनलं की पैसे पाठवायचे. ब्यांकेत सह्या तुमच्या आन सचिवाच्या, तुमी दोघी तर गावातच असता. नंतर बैठकीत मंजुरी घ्यायची. असा ठराव करा."

गोलात चुळबुळ झाली. गावात राहणाऱ्या बायका एकीकडे, जाणाऱ्या दुसरीकडे. बसताना गोल दिसतो, पण तो मध्ये चिरलेला असतो. वत्सलाबाई वाईट बाई नव्हत्या. त्या म्हणाल्या, "छबुबाई, मला का कळत न्हाई? पन उद्या हिशेब तपासायला मानूस आला तर मी काय सांगू, फोनवर ठरलं म्हनून? गट बंद पडंल. मग कुनालाच कर्ज न्हाई." दुसरी एकजण म्हणाली, "आन फोनवर कोन खरं दुखनं सांगतंय, कोन खोटं, कसं कळावं?" सायलीनं मान आणखी खाली घातली. मग सगळ्या दिपालीकडे वळल्या. "ताई, तुमी सांगा. असं चालतं का?"

दिपालीला उत्तर माहीत होतं. गटाच्या बचतीतून गटातल्याच बाईला द्यायचं कर्ज. त्याचे नियम गटच करतो, इतिवृत्तात लिहितो, सह्या घेतो, झालं. वरच्या कुणाची परवानगी लागत नाही. ती म्हणाली, "गटाला तसं ठरवता येतं." तिथं थांबली असती तर. पण तिला प्रविणसर दिसले, फ्लेक्स दिसला, आपण आत्ताच एका वाक्यात अडकलो आहोत हे दिसलं, आणि दुसरं वाक्य आपसूक बाहेर आलं, "तरी मी एकदा ऑफिसला विचारून घेते."

"हां, मग तसंच करू," वत्सलाबाई सुटल्यासारख्या म्हणाल्या. "पुढच्या बैठकीत घेऊ."

पुढच्या बैठकीला छबुबाई नसणार होती. सायली नसणार होती. ठराव ज्यांना हवा त्यांतली एकही नसणार होती. हे सगळ्यांना कळलं. मंजुषानं बचत गोळा करायला सुरुवात केली. निघताना छबुबाई दारात चपला घालत होती, दिपाली जवळ गेली तेव्हा तिनं वर न बघताच सांगितलं, "ताई, माझं बोलनं लिवायचं तर सगळं लिवत जा. न्हाईतर लिवूच नका. अर्धं लिवलं की ते आमच्याच अंगावर येतं."

"सायलीला नेऊ नका यावर्षी," दिपाली म्हणाली.

"उचल घेतलीया," छबुबाई म्हणाली. उचल म्हणजे मुकादमाकडून हंगामाआधी घेतलेले पैसे. ते घेतले की जायचं, त्यात पोट, पाणी, बाळंतपण येत नाही. "दोन कोयत्यांची घेतलीया. एक कोयता अर्धा कसा न्यावा, सांगा बरं."

ऑफिसात दिपालीनं विचारलं तेव्हा प्रविणसर फोनवर होते. त्यांनी हातानं थांबवलं, फोन ठेवला, ऐकलं. "अंतर्गत कर्ज ना? त्यांचा प्रश्न आहे. करू दे की ठराव," आणि परत फोन उचलला. एवढंच. एका श्वासाचं काम होतं. तोवर ट्रक गेले होते.

त्यानंतरची बैठक गणसंख्या भरली नाही म्हणून झालीच नाही. दिपाली घरी आदिनाथला काही सांगत नसे. तो विचारी, काय झालंय तुला, आणि ती म्हणे, काही नाही, पित्त. भात कालवताना, आंघोळीचं पाणी काढताना ते वाक्य तिच्यात पूर्ण फिरून येई, शेवटापर्यंत, तुमी न्हवता. तिच्या ध्यानात आलं की तिला तेच शेवटचे शब्द आवडले नव्हते, कारण 'तुमी' म्हणताना छबुबाईनं गोलात नजर फिरवली होती, आणि त्या गोलात दिपालीही बसली होती. पुढच्या महिन्याच्या ओळी लिहायची वेळ आली तेव्हा तिनं एकच लिहिली. छबुबाई बोलली तशी, तिच्याच भाषेत, एकही शब्द न गाळता, मोळी, ट्रकाची फळी, तुमी न्हवता. खाली लिहिलं, 'छबुबाई, ऊसतोडीहून परतल्यावर गटाच्या बैठकीत.' प्रविणसरांनी वाचून कागद परत सरकवला. "ही प्रेरणा आहे का तक्रार? बायका खचतील हे ऐकून." ती म्हणाली, "त्या अशानं खचत नाहीत, सर. आपण खचतो." ते म्हणाले, "बदलून दे." तिनं बदललं नाही. सख्यांना तसंच पाठवलं. दोन दिवसांनी तिच्याकडून ओळींचं काम काढून घेण्यात आलं आणि गटांची माहिती संगणकावर भरायला बसवण्यात आलं. ते फार मोठं काही नव्हतं. तिला वाटलं होतं तेवढं मोकळंही वाटलं नाही.

संक्रांतीनंतरच्या बैठकीला ती रजा टाकून गेली. थंडीमुळे बायका ओट्यावर उन्हात बसल्या होत्या. हंगामाला गेलेल्यांपैकी काही म्हाताऱ्या झेपेना म्हणून मध्येच परतल्या होत्या, त्यांच्यामुळे कशीबशी संख्या भरली. मंजुषानं छबुबाईचं बोलणं वाचलं. ती वाचताना पहिल्यासारखी खणखणीत नव्हती, 'तुमी न्हवता' म्हणताना तिचा आवाज इतका बारीक झाला की मागची म्हातारी म्हणाली, "काय म्हनली गं?" आणि मंजुषाला ते पुन्हा मोठ्यानं म्हणावं लागलं. टाळ्या वाजल्या नाहीत. रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला. वत्सलाबाई जमिनीवर बोटानं रेघ ओढत होत्या. मान न उचलता म्हणाल्या, "मी नियम पाळला, बायांनो. खोटं न्हाई बोलत. पन छबुबाईचा फडातून फोन आला त्या रातीपासून मला जेवन गोड लागत न्हाई." मग सचिवाला म्हणाल्या, "घ्या लिवून."

ठराव लिहिला गेला, छबुबाईनं सांगितला तसाच. सचिवानं वाचून दाखवला. कुणीतरी म्हणालं, हा हंगाम अर्धा सरत आला, हिशेबाचा घोळ नको, पुढच्या हंगामापासून लागू करू. ते रास्त वाटलं, तसं लिहिलं. सूचक, अनुमोदक, सह्या, दोन अंगठे. म्हाताऱ्या एकमेकींकडे बघून पहिल्यांदा हसल्या. एकीनं तिळाचे लाडू काढले. दिपालीच्या छातीत काहीतरी उबदार पसरत गेलं, आणि त्या उबेला ती लगेच घाबरली, कारण अशीच ऊब तिला पूर्वीही यायची. "ताई, छबुबाईला फोन लावा की," मंजुषा म्हणाली. "तिचाच ठराव हाय."

दोनदा वाजून कटला. तिसऱ्यांदा उचलला. वाऱ्याचा आवाज, कोयत्यांचा सपसप आवाज, लांब कुणाची तरी शिवी.

"मावशी, मी दिपाली. ठराव झाला. तुम्ही सांगितला तस्सा."

"कशाचा?"

"दवाखान्याच्या कर्जाचा. फोनवर मागता येईल आता. पुढच्या हंगामापासून."

"बरं झालं," छबुबाई म्हणाली. "सायली बाळंतीन झाली, ताई. दिवसाच्या आधी झाली. पोरगी हाय. जित्ती हाय."

"अगंबाई! आणि सायली?"

"हाय. दवाखान्यात फाडावं लागलं. लई पैसे मागितले. मुकादमाकडून घेतले, दुसरा कोन देतो." तिनं श्वास घेतला. बसका आवाज तसाच होता, उन्हाळ्याबद्दल बोलावं तसा. "पुढचा हंगाम त्याच्या नावानं लिवून दिला, त्याच्या पुढचाबी. चारी कोयत्यांचा. दर बी त्यो म्हनंल त्यो. आता दवाखाना लागला तर त्योच देनार म्हनला, दुसऱ्याकडं मागायचं न्हाई, तशी बोली झाली."

"चार? तुमचे तर दोनच..."

"धाकट्या पोराचं लगीन लावायचं म्हनला त्यो. म्हंजी जोडी व्हती. आन माझ्या पोरीचंबी लगीन जमवतो म्हनला, जावई धरून तीबी जोडी. झाले चार." पाठीमागून कुणीतरी हाक मारली. "ठराव ऱ्हाऊ द्या तुमी. दुसऱ्या कुनाला लागंल. ठिवते, गाडी भरायची हाय."

फोन बंद झाला. ओट्यावरच्या सगळ्या जणी तिच्याकडे बघत होत्या. वत्सलाबाईंच्या हातात अर्धा लाडू होता, तो त्यांनी तोंडापर्यंत नेऊन थांबवला होता.

"काय म्हनली छबुबाई?" त्यांनी विचारलं.

दिपालीनं त्यांच्याकडे पाहिलं. सगळं सांगायला पाहिजे होतं, अर्धं नव्हे. तिनं तोंड उघडलं. सात-आठ म्हातारे चेहरे, उन्हात आलेले, किती दिवसांनी सैल झालेले.

"पोरगी झाली म्हणाल्या," दिपाली म्हणाली. "बरं झालं म्हणाल्या."

आणि वत्सलाबाईंनी लाडू तोंडात टाकला.